हो म्हणजे? आणलास की नाही?

1923 साली अमेरिकेत एका विनोदी गाण्यानं धुमाकूळ घातला होता. फ्रँक सिल्व्हर आणि आयर्विंग कोन या दोघांनी ते रचलं होतं. गाण्यात एक ग्रीक फळविक्रेता आहे. गिऱ्हाइकाला तो कधी ‘नाही’ म्हणत नाही. माल नसला तरी त्याचं वाक्य सुरू होतं ते ‘येस’नंच. ‘होय, आमच्याकडे केळी नाहीत’ अशा अर्थाचं गाण्याचं शीर्षकच आहे आणि इंग्रजी श्रोता हसायचा तो त्यालाच. ‘येस’ म्हटल्यावर पुढे ‘नाहीत’ कसं येईल, ही त्यातली गंमत.

मराठीत आणलं की या विनोदाची हवा जाते. दादरच्या मंडईत कुणी विचारलं, “काय हो, आज केळी नाहीत का?” आणि फळवाला म्हणाला, “हो ना, आज केळीच नाहीत,” तर त्यात हसण्यासारखं काय आहे? गिऱ्हाईक मान हलवून पुढच्या गाडीकडे वळेल, इतकंच. एका भाषेत जे वाक्य ऐकून लोक हसतात, ते दुसऱ्या भाषेत रोजच्या व्यवहारातलं साधं वाक्य ठरतं, याचं कारण ग्रीक माणसाच्या इंग्रजीत नाही. ‘हो’ या शब्दानं नेमकं काय काम करायचं, याबद्दल जगातल्या भाषांचंच एकमत नाही.

प्रश्न सरळ असतो तोवर हा मतभेद दिसत नाही. “रमेश आला का?” असं विचारलं आणि रमेश आलेला असला, तर मराठी, इंग्रजी, जपानी, जर्मन, सगळ्या भाषांतले लोक आपापला होकार देतील. पण त्या होकारात दोन निराळ्या गोष्टी एकत्र असतात. एक, ‘तू जे म्हणालास ते बरोबर आहे’ ही विचारणाऱ्याशी सहमती. दुसरी, ‘रमेश आला’ हे होकारार्थी विधान. सरळ प्रश्नात दोन्ही एकाच दिशेला जातात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता प्रश्नात एक ‘नाही’ घालून पाहू. “रमेश आला नाही का?” आणि रमेश खरोखरच आलेला नाही. इथे त्या दोन गोष्टींची फारकत होते. विचारणाऱ्याचा अंदाज बरोबर आहे, म्हणजे सहमती दाखवायची तर ‘हो’ म्हणायला हवं. पण सांगायचं विधान ‘तो आला नाही’ असं नकारार्थी आहे, म्हणजे विधानाकडे पाहिलं तर ‘नाही’ म्हणायला हवं. दोन्ही एकाच शब्दात बसत नाहीत. भाषेला कुणातरी एकाची बाजू घ्यावी लागते.

इंग्रजीनं विधानाची बाजू घेतली आहे. ‘येस’च्या पाठोपाठ होकारार्थी वाक्य यायचं आणि ‘नो’च्या पाठोपाठ नकारार्थी, प्रश्न कसा विचारला होता याच्याशी देणंघेणं नाही. रमेश आला नसेल तर उत्तर ‘नो’, आला असेल तर ‘येस’. जपानीनं विचारणाऱ्याची बाजू घेतली आहे. “किमासेन देशिता का?” म्हणजे ‘आला नाही का?’ याला जपानी माणूस म्हणतो, “हाइ, किमासेन देशिता.” शब्दशः, ‘हो, आला नाही.’ आणि रमेश आलेला असेल तर, “ईए, किमाशिता.” म्हणजे ‘नाही, आला.’ जपानी ‘हाइ’चा अर्थ ‘तुम्ही म्हणता ते बरोबर’ आणि ‘ईए’चा ‘तुमचं चुकतंय’ असा धरला की सगळं सरळ होतं. कोरियन आणि चिनी भाषाही बहुतांशी याच वाटेनं जातात. चिनीत तर अशा वेळी ‘बरोबर’ या अर्थाचाच शब्द उत्तरादाखल येतो.

भाषाशास्त्रात या फरकाची नीट मांडणी एमिली पोप यांनी 1976 साली इंग्रजी प्रश्नोत्तरांवरच्या आपल्या पुस्तकात केली. सहमतीवर चालणाऱ्या भाषा एकीकडे आणि विधानाच्या होकार-नकारावर चालणाऱ्या दुसरीकडे, अशी ती विभागणी आहे. यातली कुठलीच पद्धत दुसरीपेक्षा जास्त तर्कशुद्ध नाही. दोन्ही आपापल्या नियमाला धरून चालतात. घोटाळा होतो तो एका पद्धतीचा माणूस दुसऱ्या पद्धतीच्या माणसाशी बोलतो तेव्हा. ओसाकाच्या पुरवठादाराला लंडनहून फोनवर विचारलं, की माल अजून निघाला नाही का, आणि त्यानं इंग्रजीत पण जपानी सवयीनं नुसतं ‘येस’ म्हटलं, तर फोन ठेवताना दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं असतात. एकाच्या लेखी माल जहाजावर चढलेला असतो, दुसऱ्याच्या लेखी गोदामातच असतो. जपानी सिनेमाची इंग्रजी उपशीर्षकं पाहणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. पात्र स्पष्टपणे ‘हाइ’ म्हणतं आणि खाली अक्षरं उमटतात ‘नो’. भाषांतर चुकलेलं नसतं, उलट ते बरोबर केलेलं असतं.

तिसरा शब्द

काही भाषांनी या पेचातून वेगळीच वाट काढली. नकारार्थी प्रश्नाला खोडून काढायचं असेल तर त्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र शब्दच राखून ठेवला.

जर्मन भाषेत होकाराला ‘या’ आणि नकाराला ‘नाइन’ आहे. पण “तुझ्याकडे पैसे नाहीत का?” असं कुणी विचारलं आणि पैसे असले, तर जर्मन माणूस ‘या’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘दोख’. त्या एका शब्दात ‘तू नाही म्हणालास, पण आहेत’ एवढं सगळं येतं. फ्रेंचमध्ये नेहमीचा होकार ‘वी’, पण नकार खोडायचा असेल तर ‘सी’. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांतही यासाठी एकाच घराण्यातला तिसरा छोटा शब्द आहे. जर्मनी-फ्रान्समधली लहान मुलं हा शब्द भांडताना मनसोक्त वापरतात. एकानं म्हणायचं ‘नाही’, दुसऱ्यानं ‘दोख’, पुन्हा पहिल्यानं ‘नाही’, आणि हे कोणीतरी मोठं माणूस रागावेपर्यंत चालायचं.

परदेशी माणसाला हा तिसरा शब्द शिकणं जड जातं, कारण त्याची गरजच आधी जाणवत नाही. जर्मन शिकणारा इंग्रजी माणूस सवयीनं ‘या’ म्हणून मोकळा होतो आणि समोरचा जर्मन माणूस वाट पाहत राहतो. ‘या’ म्हणजे काय? आहेत, की नाहीत? नकारार्थी प्रश्नावर नुसता ‘या’ जर्मन कानाला अर्धवट वाटतो.

थॉमस मोरची चूक

गंमत अशी, की आज तिसऱ्या शब्दावाचून अडखळणाऱ्या इंग्रजीत एके काळी तीन नव्हे, चार शब्द होते. ‘ये’ आणि ‘ने’ ही जोडी सरळ प्रश्नांसाठी, ‘येस’ आणि ‘नो’ ही जोडी नकारार्थी प्रश्नांसाठी. “तो आला का?” याचं उत्तर ‘ये’ किंवा ‘ने’. “तो आला नाही का?” याचं उत्तर ‘येस’ किंवा ‘नो’. म्हणजे आज सगळीकडे ऐकू येणारा ‘येस’ हा मुळात जर्मन ‘दोख’सारखा, नकार खोडून काढणारा शब्द होता.

ही व्यवस्था मोडकळीला येत असतानाचा एक भांडणाचा प्रसंग छापील रूपात शिल्लक आहे. विल्यम टिंडेल यानं बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणला आणि 1526 साली तो छापला. कॅथलिक चर्चच्या दृष्टीनं हा पाखंड होता. त्याच्याविरुद्ध लेखणी उचलली ती थॉमस मोर यानं. ‘युटोपिया’ लिहिणारा हाच तो मोर. तेव्हा तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजाचा सर्वांत मोठा न्यायाधिकारी होता. 1532 साली छापायला सुरुवात झालेल्या आपल्या प्रदीर्घ खंडनग्रंथात मोरनं धर्मशास्त्राच्या मोठमोठ्या मुद्द्यांबरोबर एक अगदी बारीक मुद्दाही उकरून काढला.

योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, की तू तो संदेष्टा आहेस का. तो नाही म्हणतो. टिंडेलनं या नकारासाठी ‘नो’ वापरला. मोरचं म्हणणं असं, की प्रश्न सरळ आहे, तेव्हा उत्तर ‘ने’ असायला हवं, ‘नो’ नव्हे. एरवी ही क्षुल्लक गोष्ट आहे, पण ज्याला ‘ने’ आणि ‘नो’ हे दोन साधे इंग्रजी शब्द कुठे वापरायचे ते कळत नाही, त्यानं बायबल इंग्रजीत आणायला निघावं हे योग्य नाही, असा टोला त्यानं लगावला. उदाहरणंही त्यानं खवचट निवडली. पाखंडी माणूस धर्मग्रंथाचं भाषांतर करायला लायक आहे का, असं विचारलं तर टिंडेलनं ‘ने’ म्हणायला हवं. पाखंडी माणूस लायक नाही का, असं विचारलं तर ‘नो’ म्हणायला हवं.

दोन्ही उदाहरणं बिनचूक आहेत. पण उदाहरणांच्या आधी मोरनं नियम सांगितला आहे, तो छापील पुस्तकात नेमका उलटा पडला आहे. सरळ प्रश्नाला ‘नो’ असं तिथे छापलेलं आहे. लेखणी घसरली की जुळाऱ्याचा हात, हे सांगता येत नाही. पण दुसऱ्याला या दोन शब्दांतला फरक शिकवताना खुद्द मोरच्या पानावर तोच फरक उलटा व्हावा, यावर पुढच्या शतकांतल्या इंग्रजी अभ्यासकांनी बरीच मजा घेतली.

फरक टिकलाही नाही. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लिखाणात तो बऱ्यापैकी पाळलेला दिसतो; शेक्सपिअरच्या काळापर्यंत त्याचं बंधन सैल झालं होतं. ‘येस’ आणि ‘नो’ यांनी सगळा कारभार हाती घेतला आणि ‘ये’, ‘ने’ जुनाट ठरले. अमेरिकेच्या राज्यघटनेत मात्र सभागृहातल्या मतांची नोंद करण्यासाठी हेच दोन शब्द आहेत आणि तिथल्या संसदेत ते अजूनही उच्चारले जातात. चार शब्दांच्या जागी दोन उरल्यावर इंग्रजीत जे व्हायचं तेच झालं. रूथ क्रेमर आणि काइल रॉलिन्स या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 2009 साली दाखवून दिलं, की काही प्रकारच्या नकारार्थी प्रश्नांना इंग्रजी माणूस नुसतं ‘येस’ म्हणाला काय किंवा नुसतं ‘नो’ म्हणाला काय, दोन्हींचा अर्थ ‘येणार नाही’ असाच लागू शकतो. म्हणजे जिचा नियम इतका काटेकोर दिसतो, त्या इंग्रजीतही एकटा ‘येस’ पुरत नाही. लोक ‘येस, ही डिड’ असं शेपूट जोडतात ते म्हणूनच.

विचारणाऱ्याच्या मनात काय आहे?

जपानीचा नियमही वाटतो तितका सरळसोट नाही. घरी आलेल्या पाहुण्याला जपानी यजमान विचारतो, “कोही, नोमिमासेन का?” व्याकरणानं पाहिलं तर हा ‘कॉफी पिणार नाही का?’ असा नकारार्थी प्रश्न आहे. सहमतीचा नियम लावला तर ‘हाइ’ म्हणजे ‘बरोबर, पिणार नाही’ असं व्हायला हवं. प्रत्यक्षात पाहुणा ‘हाइ’ म्हणतो आणि कप पुढे येतो. कारण हा प्रश्न नाहीच, आग्रह आहे. यजमानाच्या मनात ‘प्यावी’ असं आहे आणि पाहुणा सहमत होतो तो त्या मनातल्या गोष्टीशी. तोंडच्या शब्दांशी नाही.

हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. “चहा नाही का घेणार?” असं काकूंनी विचारलं तर “हो, घेईन की” हेच उत्तर येतं. पण शब्दांची जागा जरा बदलून “चहा घेणार नाहीस का?” असं विचारलं की प्रश्नाचा रोख बदलतो. आता विचारणाऱ्याला शंका आहे, कदाचित थोडं आश्चर्यही आहे, आणि “हो, आज नको” असं उत्तर सहज बसतं. पहिल्या प्रश्नात ‘नाही का’ क्रियापदाच्या आधी येतं आणि विचारणाऱ्याला होकार अपेक्षित असल्याची खूण देतं. दुसऱ्यात नकार क्रियापदाला चिकटून येतो आणि विचारणारा खरोखरच नकाराबद्दल विचारतो आहे असं वाटतं. अर्थात हे नेहमी काट्यावर तोलल्यासारखं होत नाही, सुरावरही बरंच ठरतं. इंग्रजीतल्या नकारार्थी प्रश्नांचेही असेच दोन प्रकार आहेत. रॉबर्ट लॅड यांनी 1981 साली ते वेगळे करून दाखवले. नकाराचे शब्द तेच असले तरी एकात विचारणाऱ्याला होकाराचा अंदाज असतो, दुसऱ्यात नकाराचा.

मराठीची वाट

मग मराठी कुठल्या गटात बसते? शाळेच्या व्याकरणात ‘हो’सारखे शब्द संमतिदर्शक केवलप्रयोगी अव्ययांत मोडतात, आणि तिथला ‘संमती’ हा शब्द जपानी पद्धतीच्या जवळचा आहे. पण प्रत्यक्ष बोलणं ऐकलं तर मराठी दोन्ही पद्धती वापरते, आणि त्यातून होणारा गोंधळ टाळण्याची तिची स्वतःची साधनंही आहेत.

शाळेतून आलेल्या मुलाला आई विचारते, “डबा आणला नाहीस का?” डबा वर्गातच राहिलेला आहे. मुलगा म्हणू शकतो, “हो गं, राहिला शाळेत.” किंवा म्हणू शकतो, “नाही, विसरलो.” एकात ‘हो’ आहे, दुसऱ्यात ‘नाही’ आहे, आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे. दोन्ही आईला कळतात, कारण पुढचे शब्द सगळं सांगून टाकतात. पण मुलगा नुसतं “हो” म्हणून खोलीत निघून गेला, तर आई मागून हमखास विचारते, “हो म्हणजे? आणलास की नाही?” मराठी कानाला नकारार्थी प्रश्नाचं एकटं ‘हो’ पुरत नाही.

एकटं ‘नाही’ मात्र पुष्कळदा पुरतं, आणि त्यामागे व्याकरणाचं कारण आहे. इंग्रजी ‘नो’ हा निव्वळ उत्तराचा शब्द आहे. त्याला कर्ता नाही, काळ नाही. मराठी ‘नाही’ हे क्रियापदासारखं चालतं. मी आणला नाही, तू आणला नाहीस, त्यांनी आणला नाही, ते आले नाहीत. आणि भूतकाळात गेलं की नव्हतो, नव्हतास, नव्हते. तेव्हा ‘आणला नाहीस का?’ याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे प्रश्नातलंच क्रियापद उचलून परत देणं. फिनिश भाषेतही असंच आहे. तिथेही नकाराचं क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलतं. ‘एत्क्यो तुले?’ म्हणजे ‘येणार नाहीस का?’ आणि उत्तर ‘एन’, म्हणजे ‘(मी) नाही’. आयर्लंडची आयरिश भाषा तर आणखी पुढे गेली आहे. तिच्यात ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी सर्वसाधारण शब्दच नाहीत. ‘आहेस का’ असं विचारलं की ‘आहे’ किंवा ‘नाही आहे’ असंच क्रियापदानं उत्तर द्यायचं. लॅटिनमध्येही हाच रिवाज होता. प्रश्नातलंच क्रियापद परत आलं, की सहमती कुणाशी हा प्रश्नच उरत नाही.

मराठीतही खुलासा होतो तो बहुधा क्रियापदानंच. “चहा नको का?” “नको.” किंवा “हवाय की!” “हा तुझा भाऊ नव्हे का?” “नव्हे, मामेभाऊ.” आणि समोरचा चुकीचा नकार गृहीत धरून बसला असेल तर त्याला खोडण्यासाठी मराठीकडे एक छोटासा शब्द आहे, तो म्हणजे ‘की’. “डबा आणला नाहीस का?” “आणलाय की!” “तू काल आलाच नाहीस?” “आलो होतो की!” इथला ‘की’ जर्मन ‘दोख’चंच काम करतो. फरक एवढाच, की ‘दोख’ एकटा उभा राहतो आणि ‘की’ला क्रियापदाचा आधार लागतो. नुसतं ‘की!’ म्हणून कुणी उत्तर देत नाही. पण क्रियापद सोबत असल्यामुळेच मराठी उत्तरात शंकेला जागा राहत नाही.

एक बारीक अडचण मात्र शिल्लक राहते. ‘नाही’ हे समोरच्याला खोडण्यासाठीही येतं. “आणला नाहीस का?” “नाही नाही, आणलाय.” इथला ‘नाही’ क्रियापद नसून ‘तुझं चुकतंय’ असं सांगतो. म्हणून अशा वेळी तो बहुधा दोनदा, घाईनं आणि पुढे थांबा न घेता येतो. लिहिलेल्या मजकुरात हा सूर हरवतो. मोबाइलवर “आला नाहीस का?” या प्रश्नाला नुसतं “नाही” असं उत्तर आलं तर ते ‘आलो नाही’ असंच वाचलं जातं, पाठवणाऱ्याच्या मनात ‘नाही रे, आलोय’ असेल तरी ते पोचत नाही.

इंग्रजीत मराठी सवय, आणि साक्षीदाराचा पिंजरा

भारतीय माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा ही देशी सवय त्याच्याबरोबर जाते. ‘तुमची काही हरकत नाही ना?’ या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाला तो सहज ‘येस’ म्हणतो, म्हणजे ‘बरोबर, हरकत नाही’. ब्रिटिश माणसाला हे हरकत असल्यासारखं ऐकू येतं. काश्मीरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी भारतीय इंग्रजीचा हा विशेष नोंदवला. आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या इंग्रजीतही तो दिसतो, कारण तिथल्या मातृभाषाही सहमतीनं चालतात. म्हणजे ही केवळ इंग्रजीची चूक नाही. इंग्रजी शब्द घेतले, पण ते चालवले आपल्या भाषेच्या नियमानं, असा हा प्रकार आहे.

याचा सर्वांत मोठा धोका कोर्टात. उलटतपासणीत वकिलाला सूचक प्रश्न विचारता येतात, म्हणजे उत्तर सुचवणारे, आणि त्यातले बरेचसे नकारार्थी असतात. “त्या रात्री तुम्ही घरी नव्हतात ना?” साक्षीदार मान डोलावून “हो” म्हणतो. घरी होता की नव्हता? न्यायाधीशाला दोन शक्यता दिसतात आणि आरोपीचं भवितव्य कदाचित त्यातल्या एकीवर अवलंबून असतं.

भारतीय न्यायालयांत साक्ष नोंदवण्याच्या पद्धतीमुळे हा पेच बऱ्याच अंशी सुटतो. इथे साक्ष सहसा प्रश्न-उत्तर अशी न लिहिता निवेदन म्हणून, साक्षीदाराच्या तोंडच्या पूर्ण वाक्यांत लिहिली जाते. त्यामुळे कागदावर नुसता ‘हो’ उतरत नाही. साक्षीदाराला मान्य असेल तर नोंद होते, “त्या रात्री मी घरी नव्हतो हे खरे आहे.” मान्य नसेल तर, “त्या रात्री मी घरी नव्हतो हे म्हणणे खरे नाही.” दुसरं वाक्य वाचताना नवख्याची गडबड होते, कारण त्यात दोन नकार आहेत आणि अर्थ मात्र ‘मी घरी होतो’ असा आहे. पण मराठी न्यायालयीन कागदपत्रं वाचणाऱ्या कारकुनापासून वकिलापर्यंत सगळ्यांना हा साचा पाठ असतो. वाक्य कितीही अवघडलेलं असलं तरी त्याचा अर्थ एकच लागतो, आणि एकट्या ‘हो’बद्दल तेवढं म्हणता येत नाही.

मात्र वाक्य तयार करताना कुणीतरी ‘हो’चा अर्थ आधीच लावलेला असतो. साक्षीदार मराठीत बोलतो, नोंद इंग्रजीत टंकली जाते, आणि मधल्या क्षणात ‘हो’ म्हणजे सहमती की विधान हे कुणीतरी ठरवतं. अनुभवी न्यायाधीश म्हणूनच तिथे थांबून साक्षीदाराला पुन्हा विचारतात, “म्हणजे तुम्ही घरी होतात की नव्हतात?”

दवाखान्यातही तसाच क्षण येतो. भूल देण्याआधी रुग्णाचं पोट रिकामं असावं लागतं. साधारण नियम असा, की घन आहार किमान सहा तास आणि पाण्यासारखं स्वच्छ पातळ पेय किमान दोन तास आधीपासून बंद. पोटात अन्न असलं तर भूल चढल्यावर ते घशात येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. “सकाळपासून काही खाल्लं नाही ना?” हा त्यावरचा सहज सुचणारा प्रश्न. पण या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही उत्तरं येतात, आणि रुग्णाला ‘नाही’ हेच उत्तर हवं आहे हे कळतं म्हणून घाबरून तो सकाळचं बिस्किट विसरूनही जातो. म्हणून नीट विचारणारी नर्स प्रश्नातून नकार आणि हो-नाही दोन्ही काढून टाकते. “शेवटचं काय खाल्लंत, आणि किती वाजता?” याला ‘हो’ असं उत्तर देताच येत नाही. रुग्णाला वेळ सांगावी लागते, आणि “सहा वाजता चहाबरोबर दोन बिस्किटं” असं उत्तर आलं, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलायची की नाही हे भूलतज्ज्ञ ठरवू शकतो.